एकच बँक, एकच फ्लॅट, तरी एकाला होम लोन साडेसात टक्क्यांनी आणि दुसऱ्याला सव्वाआठ टक्क्यांनी का मिळतं?

२०२५ या वर्षात रिझर्व्ह बँकेने चार वेळा रेपो दर कमी केला. वर्षाच्या सुरुवातीला साडेसहा टक्के असलेला हा दर डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. त्यानंतर होम लोनच्या जाहिरातींचा पूर आला. तुमच्याही मोबाइलवर त्या आल्या असतील. व्याजदराचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एक शब्द असतो, 'पासून'.

सगळी गंमत या 'पासून' शब्दात आहे. जाहिरातीतला दर बँकेकडे असतो, पण तो ठरावीक लोकांसाठी असतो. बाकीच्यांना अर्धा टक्का, पाऊण टक्का, कधी त्याहून जास्त मोजावं लागतं. कोणाला किती, हे ठरवताना बँक ज्या गोष्टी बघते त्यात क्रेडिट स्कोअर सगळ्यात वर असतो.

हा स्कोअर नेमकं काय करतो, त्याने कर्जाची रक्कम आणि व्याज किती बदलतं, आणि स्कोअर चांगला असूनही फाइल कुठे अडकते, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

आधी हे सिबिल म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे क्रेडिट स्कोअरला सरसकट 'सिबिल' म्हणतात. पीक कर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारने बँकांना बजावल्यापासून तर हा शब्द गावोगावी पोहोचला. पण सिबिल ही सरकारी संस्था नाही, ती एक खासगी कंपनी आहे. भारतात अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी कायद्याखाली त्यांचं काम चालतं.

बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चारही कंपन्यांना पाठवतात. कोणी किती कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला का, किती दिवस उशीर झाला, क्रेडिट कार्डवर किती थकलंय, असं सगळं. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा तयार होतो. चारही कंपन्यांची मोजायची पद्धत वेगळी असल्याने एकाच माणसाचे चार स्कोअर थोडे वेगळे येऊ शकतात. साधारणपणे ७५०च्या वर स्कोअर असेल तर बँका चांगला समजतात. ७०० च्या खाली आला की प्रश्न सुरू होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्ज द्यायचं की नाही, हे सिबिल ठरवत नाही, बँक ठरवते. सिबिलचं काम फक्त प्रगतिपुस्तक देण्याचं. ते वाचून प्रवेश द्यायचा की नाही, हे बँकेच्या हातात.

व्याजदराचे दोन तुकडे

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग दराचं नवं होम लोन बाहेरच्या एखाद्या दराला जोडावं लागतं. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. त्यामुळे तुमच्या व्याजाचे दोन भाग पडतात.

पहिला भाग रेपो दर. तो सगळ्यांना सारखा. तो कमी झाला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर कमी व्हायला हवा आणि वाढला की वाढतो.

दुसरा भाग म्हणजे बँकेने त्यावर चढवलेली भर. बँकेच्या भाषेत 'स्प्रेड'. त्यात बँकेचा खर्च आणि नफा असतोच, पण त्याशिवाय 'क्रेडिट रिस्क प्रीमियम' नावाचा एक घटक असतो. म्हणजे, तुम्ही पैसे बुडवाल अशी बँकेला जितकी भीती, तितकी जास्त भर. तुमचा स्कोअर इथे काम करतो. काही सरकारी बँका तर वेबसाइटवर व्याजदराचा तक्ता स्कोअरच्या गटांनुसारच देतात. स्कोअर अमुकच्या वर असेल तर हा दर, खाली असेल तर तो दर.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. रेपो दर वरखाली होत राहतो, पण कर्ज घेताना ठरलेली भर तुमच्याबरोबर राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुमच्या पतीच्या मूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बँकेला क्रेडिट रिस्क प्रीमियम बदलता येतो, तोही करारात ठरल्याप्रमाणे. म्हणजे पुढे रेपो दर पाव टक्क्याने घसरला तर साडेसातवाला सव्वासातवर येईल आणि सव्वाआठवाला आठवर. दोघांचं व्याज कमी होईल, पण दोघांमधलं पाऊण टक्क्याचं अंतर तसंच राहील. ज्या दिवशी कर्ज मंजूर होतं त्या दिवशीचा स्कोअर असा पुढची वीस वर्षं तुमच्या मागे चालत राहतो.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना मात्र रेपोला दर जोडण्याची सक्ती नाही. त्यांचा दर त्या स्वतःच्या अंतर्गत दरावरून ठरवतात. तिथून कर्ज घेणार असाल तर दर कशाला जोडलाय आणि तो कधी बदलतो, हे आधी विचारा.

१६ हजारांची सूट केवढ्याला पडली?

समजा, नाशिकमधला ३२ वर्षांचा एक तरुण आहे. खासगी कंपनीत नोकरी, हातात पगार महिना ९० हजार. एका पर्सनल लोनचा ९ हजारांचा हप्ता चालू आहे. त्याला ५० लाखांचा फ्लॅट घ्यायचाय आणि ४० लाखांचं कर्ज हवंय, २० वर्षांसाठी.

त्याच्या रेकॉर्डवर एक डाग आहे. २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डचे ३८ हजार थकले. वसुलीच्या फोनला कंटाळून त्याने तडजोड केली. २२ हजार भरले, उरलेले १६ हजार बँकेने सोडून दिले. 'तुमचं खातं बंद झालं' असं पत्रही मिळालं. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

पण क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नाही, तर 'सेटल्ड' असं लिहिलं गेलं. वाचायला हा शब्द बरा वाटतो. बँकेच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ होतो, 'या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत'. त्याने त्याचा स्कोअर ६९० वर आला असं धरू.

आता दोन चित्रं शेजारी ठेवू. खालचे दर हिशोब समजण्यापुरते धरलेत, प्रत्येक बँकेत ते वेगळे असतील.

डाग नसता आणि स्कोअर ७८० असता, तर रेपोचे ५.२५ आणि त्यावर २.२५ ची भर धरून दर झाला असता साडेसात टक्के. ४० लाखांचा महिन्याचा हप्ता ३२,२२४ रुपये.

६९० स्कोअरवर बँकेने ३ टक्क्यांची भर लावली, तर दर सव्वाआठ टक्के. हप्ता ३४,०८३ रुपये.

दर महिन्याला फरक १,८५९ रुपयांचा. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण २० वर्षांचे हप्ते २४०. गुणाकार केला तर ४ लाख ४६ हजार रुपये होतात. २०२१ मध्ये वाचलेले १६ हजार असे परत गेले.

व्याज राहू दे, कर्ज तरी पुरेसं मिळेल का?

बरेच जण फक्त व्याजदराकडे बघतात. पण कमी स्कोअरचा फटका त्याआधी रकमेत बसतो.

तुमच्या पगारातला किती वाटा हप्त्यांमध्ये गेला तर चालेल, याची बँकेची एक मर्यादा असते. साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या ४० ते ५० टक्के. पगार मोठा असेल तर काही बँका याहून वर जातात. या मर्यादेला 'फॉइर' म्हणतात. आधीचे सगळे हप्ते त्यातून वजा होतात. क्रेडिट कार्डवर मोठी थकबाकी असेल तर तिचे साधारण पाच टक्के महिन्याचा हप्ता म्हणून धरण्याची पद्धतही काही बँकांमध्ये आहे.

आपल्या तरुणाचा हिशोब मांडू. ९० हजारांचे ५० टक्के म्हणजे ४५ हजार. त्यातून पर्सनल लोनचे ९ हजार गेले. होम लोनच्या हप्त्यासाठी उरले ३६ हजार. साडेसात टक्क्यांनी या हप्त्यात सुमारे ४४ लाख ६९ हजारांचं कर्ज बसतं. त्याला हवेत ४० लाख. म्हणजे अडचण नाही.

सव्वाआठ टक्क्यांनी त्याच ३६ हजारांत ४२ लाख २५ हजार बसतात. अजूनही जमतंय.

पण स्कोअर कमी म्हणून बँकेने मर्यादाच ४५ टक्क्यांवर आणली तर? मग एकूण ४०,५०० रुपये, त्यातून ९ हजार वजा, उरले ३१,५००. यात सव्वाआठ टक्क्यांनी बसतात फक्त ३६ लाख ९७ हजार. ४० लाखांना तीन लाख कमी पडले.

हे तीन लाख कुठून आणायचे, हा प्रश्न छोटा नाही. कारण खिशातून आधीच बरंच गेलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्केच कर्ज देता येतं. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटसाठी १० लाख स्वतःचे. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. सहा टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर ३ लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. तेही स्वतःचेच.

१३ लाख ३० हजारांची तयारी केलेल्या माणसाला ऐनवेळी १६ लाख ३० हजार लागतात. अशा वेळी लोक घाईघाईने आणखी एक पर्सनल लोन काढतात. त्याने हप्ते वाढतात आणि होम लोनची पात्रता अजून खाली येते.

उलट, या तरुणाने होम लोनच्या आधी ते पर्सनल लोन फेडून टाकलं असतं तर? ४५ टक्क्यांची मर्यादा धरली तरी पूर्ण ४०,५०० हप्त्यासाठी मोकळे झाले असते आणि ४० लाख आरामात बसले असते. म्हणून हातात थोडे पैसे असतील तर आधी कोणतं छोटं कर्ज मिटवता येईल ते बघा.

बँकेचा माणूस रिपोर्टमध्ये काय वाचतो?

स्कोअर हा फक्त मथळा आहे. कर्ज विभागातला माणूस त्याखालची बातमीही वाचतो.

तो सगळ्यात आधी बघतो हप्त्यांचा तक्ता. प्रत्येक कर्जासमोर गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला असेल तर तिथे ००० दिसतात. ०३० दिसले तर त्या वेळी हप्ता ३० दिवस थकलेला होता. ०९० च्या पुढे गेलं की बँक ते खातं बुडीत धरायला लागते. चार वर्षांपूर्वी झालेल्या चुकीपेक्षा चार महिन्यांपूर्वी झालेला उशीर जास्त खटकतो.

मग तो 'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' हे शब्द शोधतो. काही बँकांमध्ये स्कोअर ७२०-७३० असला तरी या एका शब्दावरून फाइल परत येते. आधी ते मिटवा, मग या, असं सांगितलं जातं.

तिसरी गोष्ट, चौकशांची यादी. तुम्ही कर्जासाठी अर्ज केला की बँक तुमचा रिपोर्ट काढते आणि त्याची नोंद राहते. इथे एक गोष्ट हमखास घडते. होम लोन एजंट म्हणतो, 'साहेब, चार बँकांत टाकू, जिथे लवकर होईल तिथे घेऊ'. आठवड्याभरात चार चौकशा नोंदल्या जातात. पाचव्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय. त्यामुळे आधी दर आणि अटी तोंडी विचारा, एक-दोन बँका नक्की करा आणि मगच पॅन आणि सही द्या. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही.

चौथी, जामीन. मित्राच्या गाडीच्या कर्जाला किंवा भावाच्या व्यवसायाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला असाल, तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. त्याने हप्ते थकवले तर डाग तुमच्यावरही पडतो. नवरा-बायकोने मिळून अर्ज केला तर दोघांचेही रिपोर्ट काढले जातात. बायकोचा पगार जोडून पात्रता वाढते, पण तिच्या जुन्या कार्डवर काही थकलेलं असेल तर तेही फाइलमध्ये येतं.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही, त्यांचं काय?

त्यांच्या रिपोर्टमध्ये स्कोअरच्या जागी आकडा नसतो, 'इतिहास नाही' असा अर्थ असलेली खूण असते. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला फक्त इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यांच्यासाठी किमान स्कोअरची कोणतीही अट नाही, असं अर्थ मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. पण याचा अर्थ बँक काहीच तपासणार नाही, असा नाही. उत्पन्न आणि कागदपत्रं मग जास्त बारकाईने बघितली जातात, आणि सगळ्यात कमी दर मिळेलच याची खात्री नसते.

कागदपत्रं: एक गठ्ठा तुमचा, एक घराचा

स्कोअरची पायरी पार झाली की बँक कागद मागते. ते कशासाठी, हे कळलं तर काय चुकू शकतं तेही कळतं.

पहिला गठ्ठा तुमचा. पॅन, आधार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. व्यावसायिकांना नफा-तोट्याचे हिशोब आणि जीएसटीची विवरणपत्रंही लागतात.

बँक हे कागद एकमेकांशी जुळवून बघते. स्लिपवर पगार ९० हजार असेल तर स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला तेवढा जमा होतो का? फॉर्म १६ मध्ये कापलेला कर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का? अर्जात लिहिलेलं नसलेलं एखादं ॲपवरचं कर्ज स्टेटमेंटमध्ये हप्ता म्हणून जातंय का? गेल्या सहा महिन्यांत एखादा ऑटो डेबिट बाउन्स झालाय का? बाउन्स झालेला हप्ता दोन दिवसांत भरला तर रिपोर्टमध्ये तो दिसणारही नाही, पण स्टेटमेंटमध्ये दंडासकट दिसतो आणि त्यावर प्रश्न येतो. घरी आणि ऑफिसात माणूस पाठवून पत्ता आणि नोकरीचीही खात्री केली जाते.

दुसरा गठ्ठा घराचा, आणि तुमचा स्कोअर ८५० असला तरी इथे त्याचा काही उपयोग नाही. बँकेचा वकील साधारण ३० वर्षांचा मालकीचा इतिहास तपासतो. नव्या इमारतीत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र आणि महारेराचा नोंदणी क्रमांक बघितला जातो. जुन्या फ्लॅटला आधीचे सगळे करारनामे, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि भोगवटा प्रमाणपत्र लागतं. त्याच घरावर आधी कोणाचं कर्ज आहे का, हे सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत तपासलं जातं.

मग बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो. तुम्ही ५० लाखांना घेतलेल्या फ्लॅटची किंमत त्याने ४६ लाख लावली, तर बँक ४६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजार देईल. इथे पुन्हा तीन लाख वीस हजारांचा खड्डा पडतो, आणि त्यात स्कोअरचा काहीच दोष नसतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःच्या नावावर कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या, मग घराचे कागद बँकेच्या वकिलाला दाखवा आणि मग मोठी रक्कम द्या. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि मंजुरी मिळाली म्हणून लगेच फर्निचर हप्त्यांवर घेऊ नका. पैसे वितरित करण्याआधी बँक पुन्हा एकदा रिपोर्ट काढू शकते.

स्कोअर दुरुस्त कसा करायचा?

पहिली पायरी, रिपोर्ट मागवा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देणं बंधनकारक आहे. त्यासाठी कोणत्याही ॲपला पैसे द्यायची गरज नाही. घर घ्यायच्या किमान वर्षभर आधी हे करा.

रिपोर्टमध्ये चूक दिसली, म्हणजे फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय किंवा जे घेतलंच नाही ते तुमच्या नावावर आहे, तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. ती संबंधित बँकेला विचारते आणि बँकेने मान्य केलं तर बदलते. म्हणून तक्रारीची प्रत आणि 'नो ड्यूज'चं पत्र बँकेलाही पाठवा. या सगळ्याला ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे बँकांसोबत क्रेडिट माहिती कंपन्यांविरुद्धही तक्रार घेतात.

नोंद खरी असेल तर ती कोणालाही 'काढून' देता येत नाही. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते फार तर तुमच्या नावाने तीच मोफत तक्रार करतात.

आपल्या तरुणाकडे मात्र खरा उपाय आहे. कार्डच्या बँकेकडे जाऊन सोडलेले १६ हजार भरायची तयारी दाखवायची. बँक त्यावर आणखी काही रक्कम मागू शकते, तिथे बोलणी होतात. पैसे भरल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्यायचं आणि रिपोर्टमध्ये 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून द्यायला लेखी सांगायचं. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे हा बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. पण शब्द बदलला म्हणून स्कोअर लगेच ७८० होत नाही. जुन्या उशिराच्या नोंदी राहतात आणि त्यावर नव्या वेळेवरच्या हप्त्यांचा थर चढायला सहा महिने ते वर्ष सहज लागतं. या काळात कार्डची मर्यादा एक लाख असेल तर वापर तीसेक हजारांच्या आत ठेवा आणि नवं कर्ज काढू नका.

आणि ज्यांनी आधीच महाग कर्ज घेतलंय?

त्यांचाही रस्ता पूर्ण बंद नाही. समजा, याच तरुणाने सव्वाआठ टक्क्यांनी ४० लाख घेतले आणि दोन वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. स्कोअर सुधारला. आता त्याच्यावर सुमारे ३८ लाख २९ हजारांचं कर्ज उरलंय. तेवढंच कर्ज उरलेल्या १८ वर्षांसाठी साडेसात टक्क्यांनी झालं तर हप्ता ३४,०८३ वरून ३२,३५३ वर येतो. शेवटपर्यंत सुमारे ३ लाख ७३ हजार वाचतात.

आधी स्वतःच्या बँकेला लेखी विचारा: माझी पत सुधारली आहे, भर कमी कराल का? बऱ्याच बँका थोडी फी घेऊन दर बदलून देतात. नाही म्हणाल्या तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येतं. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या होम लोनवर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, गहाणखताची नोंदणी हे सगळं धरून बेरीज करा. कर्जाची सुरुवातीची वर्षं असतील तर हलवणं परवडतं, शेवटची पाच-सहा वर्षं उरली असतील तर फायदा फारच थोडा राहतो. कारण व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या हप्त्यांमध्येच जातो.

बँक निवडताना फक्त जाहिरातीतला दर बघू नका. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात व्याजासोबत सगळ्या फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि एक प्रश्न विचारा: यातला रेपो किती आणि माझ्यावरची भर किती? रेपो दर रिझर्व्ह बँक ठरवते. भर मात्र तुमच्या रिपोर्टवरून ठरते, आणि घासाघीस करायला जागा असते ती तिथेच.